"मला म्हणायचंय, पण मला बघू नका" : एका लाजाळू मुलीच्या भाषणाची बावीस दिवसांची तयारी

आमच्या खालच्या मजल्यावरची चिमी पाचवीत आहे. चिमी हे घरातलं नाव, खरं इथे नको. डिसेंबरच्या बारा तारखेला संध्याकाळी तिची आजी तिला घेऊन वर आली. तीन जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीला, शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. वर्गशिक्षिकेने चिमीचं नाव घातलं होतं आणि वडिलांनी भाषण लिहून दिलं होतं. आजीचं म्हणणं एवढंच, "तुम्ही शाळेत शिकवता, तर जरा म्हणून घ्या तिच्याकडून."

मी प्राथमिक शाळेत शिकवते. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायची वेळही दरवर्षी येते. त्यामुळे भाषण ऐकायच्या आधीच कागद पाहून मला अंदाज आला. दोन्ही बाजूंनी भरलेला फुलस्केप, शब्द मोजले तर चारशे तीस. स्पर्धेला वेळ होता तीन मिनिटं. दहा वर्षांचं मूल मराठीत शांतपणे, समजेल असं बोलतं तेव्हा मिनिटाला साधारण नव्वद शब्द होतात, हा माझा नेहमीचा हिशेब. म्हणजे तिच्या हातात पावणेपाच मिनिटांचं भाषण होतं आणि ते तीन मिनिटांत कोंबायचं होतं.

चिमी दारातच उभी राहिली आणि सुरू झाली. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापक, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हांला स्त्रीशिक्षणाच्या अग्रदूत, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्याविषयी जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." अडतीस शब्दांचं एकच वाक्य. "विराजमान"पर्यंत तिचा श्वास पुरला, "गुरुजनवर्ग"ला ती अडखळली, "अग्रदूत"पाशी थांबली आणि पुन्हा "सन्माननीय व्यासपीठ"वर आली. तीनदा तसंच झालं. तोवर फ्रॉकची कड पिळून पिळून तिने दोरी केली होती.

मी तिला विचारलं, "तुला जायचंय का स्पर्धेला? नसेल जायचं तर तसं सांग, मी बाईंशी बोलते." हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. ती बराच वेळ चपलांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला म्हणायचंय, पण मला बघू नका."

माझ्या दृष्टीने हे वाक्य म्हणजे निम्मं निदान होतं. तिला बोलायचं होतं, अडत होतं ते लोकांच्या बघण्यापाशी. पाठांतराची रडगाणी वेगळी असतात, ही तक्रार वेगळी होती. त्यात भाषण परक्या शब्दांचं. माळ ओवावी तसं ते एका दोऱ्यात पाठ केलेलं, त्यामुळे एक मणी निसटला की सगळी माळ जमिनीवर. लाजाळू मुलाला आपण "धीट हो", "मोठ्याने बोल" असं सांगतो. पण ते मूल नेमकं कुठे तुटतंय हे पाहिलं तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटात आणि पहिल्या चुकीपाशी तुटतं. म्हणून तयारी या दोन जागांची करायची आणि बाकीचं आपोआप येऊ द्यायचं, असं मी ठरवलं. रोज पंधरा मिनिटं, संध्याकाळी जेवणाआधी. झोपताना भाषणाचं नाव काढायचं नाही, हे आजीकडून कबूल करून घेतलं.

मटार सोलताना

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी भाषण बाजूलाच ठेवलं. मी बाजारातून दोन किलो मटार आणला होता. आम्ही तिघी परातीभोवती बसून सोलत होतो आणि मी तिला सावित्रीबाईंची गोष्ट सांगत होते, मध्ये मध्ये मुद्दाम चुकवत. हात कामात असले आणि कुणी तोंडाकडे बघत नसलं की अशी मुलं बोलतात. डोळे शेंगांवर असतात, त्यामुळे बोलणं सुटतं. मी म्हटलं, "मग त्यांच्यावर लोक शेण टाकायचे, म्हणून त्या घरी परत यायच्या." चिमी लगेच म्हणाली, "नाही काकू, परत नाही यायच्या. त्यांच्याकडे दुसरं लुगडं असायचं." आणि थोड्या वेळाने, मटाराची शेंग हातात तशीच धरून, "म्हणजे त्यांना घरातून निघतानाच माहीत होतं, आज पण शेण पडणार. तरी निघायच्या."

हे तिच्या वडिलांच्या चारशे तीस शब्दांत कुठेच नव्हतं. मी हात पुसले आणि तिचं वाक्य जसंच्या तसं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून ठेवलं. भाषणाचा गाभा तिथेच सापडला.

चौथ्या दिवशी मी नवं भाषण लिहिलं. लिहिलं म्हणण्यापेक्षा तिच्या तोंडची वाक्यं एका ओळीत लावली. जन्मापासून मृत्यूपर्यंतचं अख्खं चरित्र काढून टाकलं आणि एक लुगडं ठेवलं. सुरुवात अशी झाली: "गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. माझ्या दप्तरात रोज काय असतं? वह्या, पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. सावित्रीबाई रोज शाळेत शिकवायला जायच्या. त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट असायची. एक जादाचं लुगडं." नमस्काराचं वाक्य मी पूर्ण काढलं नाही. काही परीक्षक संबोधन नसलं तर गुण कापतात आणि त्यांच्याशी भांडण्याची ही वेळ नव्हती. पण अडतीस शब्दांचं चार शब्दांवर आणलं.

मधला भाग असा होता: "वाटेत लोक त्यांच्यावर शेण टाकायचे. दगडही मारायचे. लुगडं खराब व्हायचं. शाळेत पोचल्यावर त्या दुसरं नेसायच्या. आणि शिकवायला लागायच्या. म्हणजे घरातून निघतानाच त्यांना माहीत होतं, आजही शेण पडणार. तरी त्या निघायच्या." एवढ्यात एकही जोडशब्द नाही आणि कुठल्याही वाक्यात आठ-नऊ शब्दांपेक्षा जास्त नाही. तिचा श्वास मोजून वाक्यं कापली होती. "क्रांतिज्योती" आणि "अग्रदूत" गेले. अडखळणारा शब्द शंभर वेळा घोटून घेता येतो हे मला माहीत आहे, पण घोटलेला शब्द भीतीच्या क्षणी पुन्हा अडतो. मग तो ठेवायचाच कशाला?

वडिलांच्या कागदावर "भारतातील मुलींची पहिली शाळा" असं होतं. ते मी बदललं. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीही होत्या आणि एखादा परीक्षक नेमका हे जाणणारा निघतो. "१८४८ साली पुण्यात, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली" हे पुरेसं आहे आणि खरंही. आणखी एक ओळ मी मुद्दाम घातली, "त्यांचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे." आम्ही साताऱ्यात राहतो. ही ओळ म्हणताना चिमीचा आवाज आपोआप वर जायचा, त्यासाठी काही शिकवावं लागलं नाही. शेवट १८९७ च्या प्लेगचा: आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. सगळे मिळून दोनशे पंचेचाळीस शब्द.

वडिलांना वाईट वाटलं. दोन रात्री जागून त्यांनी ते लिहिलं होतं. "ताई, एवढं साधं? परीक्षकांना वाटेल काही तयारीच केली नाही," असं ते म्हणाले. मी त्यांना जुनं भाषण चिमीच्या वेगाने स्वतः म्हणायला लावलं. दुसऱ्या परिच्छेदात त्यांना दम लागला आणि ते हसायला लागले. विषय तिथे मिटला, निदान आठ दिवसांपुरता.

पाच चित्रं

नवं भाषण तिला पाठ करायला दिलं नाही. जुन्या दिनदर्शिकेची पानं कापून तिच्या कोऱ्या बाजूवर पाच चित्रं तिनेच काढली: दप्तर, शेण, लुगडं, पाटी, आणि पाठीवरचं मूल. एका चित्राची पाच-सहा वाक्यं. चित्र बघायचं आणि त्याबद्दल सांगायचं. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, फक्त तीन वाक्यं अगदी अक्षरशः ठरलेली: पहिलं, शेवटचं आणि "तरी त्या निघायच्या."

तीन दिवसांनी चित्रांचा खेळ सुरू झाला. मी पानं पिसायची आणि एक ओढायचं. पाटी आली तर पाटीपासून सुरुवात, मूल आलं तर मुलापासून. माळ तुटायची भीती यानेच जाते, कारण भाषणाला एकच दार न राहता पाच दारं होतात. मग मी तिला मुद्दाम विसरायला लावू लागले. ती बोलता बोलता मी टाळी वाजवायची, खोकायचं, आजीने मध्येच कुकरबद्दल विचारायचं. तिने थांबायचं, मनात पुढचं चित्र बघायचं आणि तिथून चालू करायचं. मागे जायचं नाही, "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही. अगदीच काही आठवलं नाही तर एक वाक्य हाताशी होतं, "तर मी सांगत होते त्या लुगड्याबद्दल." हे वाक्य कुठेही खपतं. या खेळात तिला जितकी मजा आली तितकी भाषणात कधीच आली नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "काकू, आता तुम्ही जोरात शिंका."

या टप्प्यावर ऐकायला फक्त आजी होती आणि तीही पाठमोरी. आजी ओट्याकडे तोंड करून घेवडा मोडायची आणि चिमी तिच्या पाठीशी बोलायची. "मला बघू नका" ही अट आम्ही अशी पाळली. मी घड्याळ लावायचे. पाठमोऱ्या आजीसमोर भाषणाला दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद लागायचे.

हे घड्याळ पुढे फार उपयोगी पडलं. "भीती वाटते का?" असं विचारलं तर मूल "नाही" म्हणतं, पण घड्याळ खोटं बोलत नाही. घाबरलेलं मूल पळतं. आजी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून बसली तेव्हा तेच भाषण दोन मिनिटं पाच सेकंदांत संपलं. तिसऱ्या वेळी दोन पस्तीस. वेळ पुन्हा अडीच मिनिटांच्या वर गेली की पुढची पायरी, त्याच्या खाली असली की तीच पायरी पुन्हा, असा सरळ नियम मी केला. दुसरी खूण पाण्याची. सुरू करायच्या आधी ती दोनदा "पाणी पिऊन येते" म्हणाली की त्या दिवशीची पायरी मोठी झाली असं मी समजायचे.

वाक्याचं शेपूट

आठव्या-नवव्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. चिमीचा आवाज तसा बारीक नव्हता. मैत्रिणींना हाका मारताना तो अख्ख्या सोसायटीला ऐकू जातो. भाषणात मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो विझायचा. मराठीत हे महागात पडतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि "नाही", "नव्हतं" ही त्याहून शेवटी. "त्या काळी मुलींना शाळेत पाठवायची पद्धत..." आणि पुढचं "नव्हती" गिळलं गेलं तर मागच्या बाकावरच्या माणसाला उलटाच अर्थ कळतो. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा मुलांची निम्मी क्रियापदं मला अंदाजानेच भरावी लागतात.

"मोठ्याने बोल" म्हटलं की लाजाळू मूल पहिला शब्द मोठ्याने बोलतं आणि श्वास तिथेच संपवतं, म्हणजे शेपूट आणखी विझतं. म्हणून मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले, ती जिन्याच्या दाराशी. तिने एक वाक्य म्हणायचं आणि मला त्यातला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला तर मी तो परत ओरडायचा. नाही आला तर मी गप्प. "त्या काळी मुलींना शाळेत पाठवायची पद्धत नव्हती." मी गप्प. पुन्हा. मी गप्प. तिसऱ्या वेळी "नव्हती!" एवढं जोरात आलं की शेजारच्या इमारतीतली बाई बाल्कनीत आली. दोन संध्याकाळी एवढंच केलं. वाक्याच्या सुरुवातीचं मी काही बोललेच नाही, आणि ती आपोआप सावकाश बोलू लागली, कारण शेवटासाठी श्वास राखून ठेवावा लागत होता.

हातवाऱ्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे प्रत्येक ओळीला एक हातवारा बसवायची रीत आहे, "आकाश" म्हटलं की बोट वर. लाजाळू मुलाला त्याचा जाच होतो, कारण आता शब्दांबरोबर हातही विसरायची सोय झाली. आम्ही एकच ठेवला: "एक जादाचं लुगडं" म्हणताना दोन्ही हातांवर घडी घेतल्यासारखं करायचं. एरवी हात सरळ खाली. फ्रॉकच्या कडेवर उपाय म्हणून आजीने तिला स्पर्धेच्या दिवशी सलवार-कुर्ता घालायचं ठरवलं.

एकवीस डिसेंबर

दहाव्या दिवशी माझी चूक झाली. चूक वडिलांची असं मी तेव्हा म्हटलं होतं, पण त्यांना नियम नीट समजावून सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले, सात-आठ मोठी माणसं, दिवाणखाना भरलेला. चहा झाल्यावर वडील कौतुकाने म्हणाले, "चिमी, काकांना भाषण म्हणून दाखव." ती नाही म्हणाली, सगळ्यांनी आग्रह केला, कुणीतरी फोन काढून चित्रण सुरू केलं. तिने दप्तराचं चित्र म्हटलं, शेणाशी आली, एक काका हसले (बहुधा कौतुकानेच) आणि ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. अर्धा तास.

आजीसमोरून एकदम आठ पाहुण्यांसमोर, म्हणजे मधल्या चार पायऱ्या गाळल्या गेल्या. त्यात कॅमेरा. त्या संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा ती म्हणाली, "मी नाही जाणार." मी बरं म्हटलं. दोन दिवस भाषणाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला एवढंच विचारलं, "आजीला पाठीमागून सांगशील? तिला घेवडा मोडायचाय." अशा वेळी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली तर मुलाला कळतं की सगळं फुकट गेलं, आणि जिथे मोडलं तिथूनच पुढे रेटलं तर ते पुन्हा मोडतं. शेवटची जी पायरी आरामात जमत होती तिथे परत जायचं. पाठमोऱ्या आजीसमोर तिची वेळ आली दोन चाळीस. म्हणजे पाहुण्यांनी फारसं काही नेलं नव्हतं.

वडिलांना मी यादी लिहून दिली, कुणासमोर आणि कोणत्या क्रमाने. आजी, मग मी, मग आई-बाबा (कौतुक नाही, सूचना नाही, फक्त ऐकायचं), मग जिन्यात इमारतीतली चार मुलं, मग रिकाम्या सभागृहात वर्गशिक्षिका, मग तिचा वर्ग. फोनवर चित्रण अजिबात नाही. स्वतःला पडद्यावर बघितलं की या मुलांना आपले कान, केस, पाय सगळं दिसतं, भाषण सोडून.

लाटणं, बादली आणि माईक

नाताळच्या सुट्टीत आम्ही सर्वांत उपयोगी काम केलं आणि त्याचा भाषणाशी काही संबंध नव्हता. शाळांमधला उभा माईक मोठ्या माणसाच्या उंचीला लावलेला असतो. आधीच्या शिक्षकांनी निवेदन केलेलं असतं, तो तसाच राहतो, आणि पाचवीतलं मूल मान वर करून, टाचा उचलून त्यात बोलतं. मग आवाज घशातून येतो आणि पाय डगमगतात. धीट मूल माईक हाताने खाली ओढतं. लाजाळू मूल तसंच बोलतं, कारण काही मागणं हीच त्याला सगळ्यात अवघड गोष्ट.

तिच्या आजीने वाळूच्या बादलीत झाडूचा दांडा खोचला आणि त्याला वर लाटणं बांधलं. उंची मुद्दाम जास्त. दाराबाहेरून चालत यायचं, बादलीशी थांबायचं, आणि बाजूला उभ्या असलेल्या बाबांना म्हणायचं, "काका, माईक खाली करता का?" बाबा शिपाईकाका झाले होते. पहिल्या दिवशी हे वाक्य बाहेर यायला अख्खं मिनिट गेलं. आम्ही भाषण न म्हणता फक्त हेच दहा-बारा वेळा केलं: यायचं, माईक मागायचा, हनुवटीच्या समोर आला की एक वीतभर अंतर ठेवायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेत का ते बघायचं, समोर पाहायचं, मनात तीन आकडे मोजायचे, आणि "गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार." तिथे थांबून परत दाराबाहेर. तीन दिवस रोज.

कुठे बघायचं हेही तेव्हाच ठरलं. "सगळ्यांच्या डोक्यावरून बघ" असं पुष्कळ जण शिकवतात. मला ते पटत नाही. मूल छताकडे बघतं आणि ते सगळ्यांना दिसतं. तिच्या तीन मैत्रिणी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे बसणार होत्या. प्रत्येक चित्राला एक मैत्रीण. मैत्रिणींना फक्त एवढंच सांगितलं होतं की खाणाखुणा करायच्या नाहीत.

जिन्यातल्या चार मुलांसमोर वेळ आली दोन दहा. दुसऱ्या दिवशी दोन तेहतीस. सभागृहात बाईंसमोर दोन पंचवीस, आणि वेळ कमी असल्याने आम्ही नियम मोडून पुढे गेलो. वर्गासमोर एकतीस तारखेला दोन वीस. वर्गात ती लुगड्याच्या चित्राशी थांबली, तीन सेकंद गप्प राहिली, आणि "तर मी सांगत होते त्या लुगड्याबद्दल" म्हणून पुढे गेली. बाईंनी मला फोनवर सांगितलं, त्यांना ते वाक्य भाषणातलंच वाटलं.

शेवटचे दोन दिवस दिवसातून एकदाच म्हणायचं, जास्त नाही. दोन तारखेला ती स्वतःहून तीनदा म्हणायला लागली तेव्हा आजीने तिला दळण आणायला पाठवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही तयारी लाजाळू मुलासाठी आहे, म्हणजे जे ओळखीच्या माणसांत बोलतं, अनोळखी ठिकाणी वेळ घेतं, पण शेवटी बोलतं. जे मूल घरी भडाभडा बोलतं आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्दही काढत नाही, हजेरीलाही नाही, त्याला पायऱ्या चढवून स्पर्धेला उभं करू नये. त्याला बालमानसतज्ज्ञांकडे न्यावं. शब्द अडकत अडकत येत असतील, एकाच अक्षरावर मूल थबकत असेल, तर वाचा-उपचार करणाऱ्यांना आधी दाखवावं. चिमीला यातलं काही नव्हतं. ते मी पहिल्या आठवड्यात तिच्या बाईंना विचारून घेतलं होतं.

तीन जानेवारी

क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढले. तिला सतरावा आला. सतरा म्हणजे तासभर वाट बघणं, आणि वाट बघताना ही मुलं मनात भाषण घोटत राहतात आणि स्वतःच्या पाळीपर्यंत दमून जातात. आम्ही तिला काम दिलं होतं: प्रत्येक भाषण ऐकायचं आणि कुणी किती वेळा "सन्माननीय" म्हटलं ते बोटांवर मोजायचं. चौदावा क्रमांक गेला की बाथरूमला जाऊन यायचं, सोळावा उभा राहिला की एक घोट पाणी. एकच.

मी आणि आजी मागच्या खिडकीशी उभ्या होतो. ती आली, माईक तिच्या कपाळाच्या वर होता. शिपाईकाका मंचाच्या दुसऱ्या टोकाला. ती तिथवर चालत गेली, त्यांच्याशी काहीतरी बोलली, ते आले, माईक खाली झाला. सभागृहात कुणीतरी हसलं. तिने तीन मोजले, मला तिचे ओठ हललेले दिसले. "नमस्कार" आजीला मागपर्यंत ऐकू आला. "तरी त्या निघायच्या" म्हटल्यावर ती जराशी थांबली आणि ते थांबणं आम्ही शिकवलेलं नव्हतं. पाटीच्या चित्रात "पद्धत नव्हती"चं "नव्हती" खणखणीत. मग पाठीवरचं मूल आलं आणि तिथे ती भिडे वाडा की दवाखाना यात गोंधळली, दवाखाना पूर्ण गाळून थेट "१० मार्चला त्या गेल्या" वर आली, नमस्कार केला, उतरली. दोन मिनिटं अठरा सेकंद. गाळलेलं आजीशिवाय कुणाला कळलं नसावं. आजीने माझा हात घट्ट धरला होता.

बक्षीस आलं नाही. पहिलं सातवीतल्या एका मुलीला मिळालं आणि ते योग्यच होतं, तिचा आवाज आणि आशय दोन्ही भारी होते. वडील थोडे हिरमुसले, त्यांनी परीक्षकांचे गुणपत्रक बघायला मागितलं. आशयाला तिला चांगले गुण होते, सादरीकरणात मागे पडली होती.

घरी जाताना रिक्षात चिमी पहिली दहा मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, सन्माननीय एकतीस वेळा झालं." आणि थोड्या वेळाने, "अठरा नंबरचा मुलगा मध्येच रडला ना, त्याच्याकडे चित्रंच नव्हती. मी उद्या त्याला माझी दाखवू का?"